आठ फोन, सात अक्ष : एका पॅरलल कोऑर्डिनेट्स आलेखाचे वाचन

आठ फोनमधून एक निवडायचा आहे आणि घेणाऱ्याच्या चार अटी आहेत. वजन २०० ग्रॅमच्या आत हवे, बॅटरी निदान ४५०० एमएएच हवी, चार्जिंग निदान २५ वॉटचे हवे आणि किंमत निर्देशांक १६० च्या वर जायला नको. निर्देशांक म्हणजे सगळ्यात स्वस्त फोनची किंमत १०० धरून काढलेला आकडा. निर्देशांक १६० असेल, तर तो फोन सर्वांत स्वस्त फोनच्या १.६ पट किमतीचा.

खालचे फोन या अभ्यासासाठी रचलेले आहेत. आकडे मात्र बाजारातल्या फोनच्या माहितीपत्रकात दिसतात त्याच धाटणीचे ठेवले आहेत.

| फोन | वजन (ग्रॅम) | स्क्रीन (इंच) | बॅटरी (एमएएच) | चार्जिंग (वॉट) | रॅम (जीबी) | कॅमेरा (मेगापिक्सेल) | किंमत निर्देशांक |
|---|---|---|---|---|---|---|---|
| क | १६८ | ६.१ | ३९०० | २५ | ८ | ५० | २१० |
| ख | १८७ | ६.४ | ४५०० | २५ | ८ | ५० | १६५ |
| ग | १९९ | ६.७ | ५००० | ६७ | ८ | १०८ | १५० |
| घ | २१० | ६.७ | ५००० | १२० | १२ | ५० | २४० |
| च | २३२ | ६.८ | ५००० | ४५ | १२ | २०० | ३४० |
| छ | १९३ | ६.६ | ५००० | १८ | ४ | ५० | १०० |
| ज | २०२ | ६.७ | ६००० | ३३ | ६ | ६४ | १२० |
| झ | २०५ | ६.८ | ५१०० | ८० | १२ | ५० | २६० |

हा तक्ता आलेखात असा उतरतो : सात रकान्यांचे सात उभे अक्ष, सारख्या अंतरावर, तक्त्यातल्याच क्रमाने. प्रत्येक फोनची एक मोडती रेषा डावीकडून उजवीकडे जाते आणि प्रत्येक अक्षाला त्या फोनच्या आकड्यापाशी छेदते. माहिती फक्त त्या छेदांवर असते. दोन अक्षांच्या मधला तुकडा हा केवळ जोडधागा आहे. रॅम आणि कॅमेरा यांच्या बरोबर मध्ये रेषा कुठे आहे याला कसलाच अर्थ नाही, कारण तिथे मोजलेले काहीच नाही. काळानुसार बदल दाखवणाऱ्या रेषालेखांची सवय असलेला वाचक इथे ‘वाढ’ आणि ‘घट’ शोधू लागतो आणि पहिल्याच पायरीवर चुकतो. बॅटरीच्या अक्षावर वर असलेली रेषा चार्जिंगच्या अक्षावर खाली आली, तर काहीही घटलेले नसते. तो फोन इतर सात फोनांच्या तुलनेत एका गोष्टीत वरच्या आणि दुसरीत खालच्या जागी आहे, एवढेच कळते.

आधी अक्षांची टोके वाचा

रेषांकडे वळण्याआधी प्रत्येक अक्षाच्या तळाशी आणि माथ्याशी लिहिलेले आकडे वाचावेत. बहुतेक साधने प्रत्येक अक्ष त्याच्या किमान आकड्यापासून कमाल आकड्यापर्यंत ताणतात. म्हणजे सर्वांत लहान आकडा तळाशी, सर्वांत मोठा माथ्यावर, आणि बाकीचे त्या प्रमाणात मध्ये. आपल्या आलेखात स्क्रीनचा अक्ष ६.१ ते ६.८ इंचांचा आहे आणि चार्जिंगचा १८ ते १२० वॉटचा. दोन्ही अक्षांची उंची कागदावर सारखीच. पण पहिल्यात तळापासून माथ्यापर्यंतचा फरक जेमतेम साडेअकरा टक्क्यांचा आहे, तर दुसऱ्यात माथ्याचा आकडा तळाच्या साडेसहा पटींहून जास्त आहे. क फोन स्क्रीनच्या अक्षावर थेट तळाशी दिसतो आणि त्याची स्क्रीन फार लहान असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो सर्वांत मोठ्या स्क्रीनपेक्षा ०.७ इंचाने लहान आहे. हा फरक हातात जाणवेल, पण चार्जिंगमधल्या फरकाच्या तोडीचा नक्कीच नाही.

म्हणून उंचीची तुलना एका अक्षाच्या आतच करायची. एका अक्षावरची उंची दुसऱ्या अक्षावरच्या उंचीशी ताडून ‘हा फोन स्क्रीनमध्ये जितका चांगला तितकाच रॅममध्येही’ असे म्हणता येत नाही.

ताणण्याची पायरी वगळली तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पायथनमधल्या पांडाजच्या `parallel_coordinates` ला कच्चा तक्ता दिला, तर ते सगळे अक्ष एकाच मापावर काढते. मग बॅटरीचा आकडा हजारांत असल्याने तिथे सगळ्या रेषा उंच सुळक्यासारख्या वर जातात आणि स्क्रीन, रॅम, कॅमेरा यांच्या रेषा तळाशी एकमेकींना चिकटून सपाट होतात. असा आलेख दिसला की मापे जुळवलेली नाहीत हे लगेच ओळखावे. उपाय दोन ओळींचा आहे :

```python
import pandas as pd
from pandas.plotting import parallel_coordinates

d = pd.read_csv("phones.csv", index_col="phone")
n = (d - d.min()) / (d.max() - d.min())
parallel_coordinates(n.reset_index(), "phone", colormap="tab10")
```

`colormap` मुद्दाम दिला आहे. तो न दिल्यास हे साधन रंग स्वतःच निवडते आणि दोन फोनांचे रंग जवळजवळ सारखे निघू शकतात. आठ रेषांच्या आलेखात तेवढ्यावरून वाचन बिघडते. शिवाय या पद्धतीत अक्षांवर ० ते १ एवढेच दिसते, मूळ आकडे जातात. ते प्रत्येक अक्षाच्या टोकाशी हाताने लिहून घ्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय हा आलेख दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही.

किमान-कमाल पद्धतीची दुसरी अडचण एखादा वेगळ्या जातीचा फोन यादीत शिरला की दिसते. समजा, खडतर वापरासाठी बनवलेला नववा फोन घातला : वजन ३२० ग्रॅम, बॅटरी १०६०० एमएएच. बॅटरीचा अक्ष आता ३९०० ते १०६०० असा होतो आणि आधीचे आठही फोन त्याच्या खालच्या ३१ टक्क्यांत दाटतात. वजनाच्या अक्षावर ते खालच्या ४२ टक्क्यांत येतात. आठ फोनांतला एकही आकडा बदललेला नसतो, तरी त्यांच्यातले फरक डोळ्यांना दिसेनासे होतात. एखाद्या अक्षावर सगळ्या रेषा एका टोकाला गोळा झालेल्या आणि एकच रेषा दुसऱ्या टोकाला दिसली, तर ती एकटी रेषा तात्पुरती बाजूला काढून आलेख पुन्हा काढावा. माहितीपत्रकात न दिलेला आकडा कोणी शून्य म्हणून भरला असेल, तरी चित्र असेच दिसते. फक्त तिथे रेषा तळाला आपटलेली असते आणि अक्षाच्या तळाशी ० लिहिलेले असते. शून्य वॉट चार्जिंगचा फोन नसतो, त्यामुळे हे पकडणे सोपे आहे.

दोन शेजारी अक्षांमध्ये काय दिसते

आता वजन आणि स्क्रीन हे पहिले दोन अक्ष घेऊ. वाचनाचा मूळ नियम इथे कामाला येतो : दोन रेषा दोन अक्षांच्या मध्ये एकमेकींना छेदत असतील, तर त्या दोन फोनांचा क्रम दोन अक्षांवर उलटा आहे. छेदत नसतील आणि कोणत्याही अक्षावर एकाच बिंदूत मिळतही नसतील, तर क्रम तोच आहे. या नियमाला अपवाद नाही आणि त्यासाठी मापे जुळलेली असण्याचीही गरज नाही, दोन्ही अक्षांची दिशा तेवढी ठाऊक हवी.

आठ फोनांच्या एकूण २८ जोड्या होतात. वजन आणि स्क्रीन यांच्या मध्ये फक्त एक छेद आहे : झ आणि घ यांचा. झ हलका असून त्याची स्क्रीन मोठी आहे. चार जोड्यांच्या रेषा स्क्रीनच्या अक्षावर एकाच बिंदूत मिळतात, कारण तीन फोन ६.७ इंचांचे आणि दोन ६.८ इंचांचे आहेत. उरलेल्या २३ जोड्यांत छेद नाही. म्हणजे या यादीत मोठी स्क्रीन आणि जास्त वजन हातात हात घालून चालतात. ज्याला २०० ग्रॅमच्या आतला फोन हवा, त्याला ६.८ इंचांची आशा सोडावी लागेल, हे इथेच कळते.

बॅटरी आणि चार्जिंग यांच्या मधले दृश्य वेगळे आहे. तिथे सात छेद आहेत आणि त्यातले चार एकट्या ज फोनमुळे आले आहेत. ज ची बॅटरी सर्वांत मोठी, पण चार्जिंग ३३ वॉटचे. त्यामुळे त्याची रेषा माथ्यावरून खाली उतरताना ग, घ, च आणि झ या चौघांच्या रेषा कापते. छेद मोजताना ते कोणामुळे आले हे पाहणे फार उपयोगी ठरते. छेद सगळ्या रेषांत विखुरलेले असतील, तर त्या दोन गुणांचा एकमेकांशी सैलसर संबंध आहे असे समजावे. सगळे छेद एका रेषेने केलेले असतील, तर बाकीच्या फोनांत संबंध घट्ट आहे आणि तो एक फोन वेगळ्या हेतूने बनवलेला आहे. ज च्या बाबतीत तो हेतू उघड आहे : मोठी बॅटरी आणि कमी किंमत, चार्जिंगला वेळ लागला तरी चालेल.

इथे एका सापळ्यापासून सावध राहावे. ५००० एमएएचच्या एकाच बिंदूतून चार रेषा निघतात : ग, घ, च, छ. त्या १८ पासून १२० वॉटपर्यंत पंख्यासारख्या पसरतात. पंख्याकडे पाहून ‘बॅटरीचा चार्जिंगशी काही संबंध नाही’ असा निष्कर्ष निघतो. पंखा प्रत्यक्षात एवढेच सांगतो की बॅटरीचा आकडा सारखा असलेल्या चार फोनांत चार्जिंग वेगवेगळे आहे.

कॅमेऱ्याच्या अक्षाने लपवलेली गोष्ट

या आलेखातला सर्वांत महत्त्वाचा धडा उजवीकडच्या तीन अक्षांत आहे : रॅम, कॅमेरा, किंमत, याच क्रमाने.

कॅमेऱ्याच्या अक्षावर पाच फोन ५० मेगापिक्सेलवर आहेत, म्हणजे आठांपैकी पाच रेषा तळाच्या एकाच बिंदूत शिरतात आणि तिथूनच बाहेर पडतात. आत कोण कुठून आले आणि बाहेर कोण कुठे गेले, हे रंग स्पष्ट नसतील तर सांगता येत नाही. रेषा मोजल्या तर गोंधळ आणखी उघड होतो. रॅम आणि कॅमेरा यांच्या मध्ये आठ तुकडे दिसायला हवेत, दिसतात सहाच. क आणि ख या दोघांचीही रॅम ८ जीबी आणि कॅमेरा ५० मेगापिक्सेल, म्हणून त्यांचे तुकडे तंतोतंत एकावर एक बसले आहेत. घ आणि झ यांचेही तसेच. क आणि ख तर चार्जिंगच्या अक्षापासूनच एकमेकांच्या अंगावर चालत आले आहेत, कारण दोघांचेही चार्जिंग २५ वॉटचे आहे. शंका आली की दोन अक्षांमधले तुकडे मोजावेत. ते फोनांच्या संख्येपेक्षा कमी भरले, तर तिथे कोणीतरी झाकले गेले आहे.

यावर साधे उपाय आहेत. एका फोनवर बोट किंवा माउस ठेवल्यावर त्याची पूर्ण रेषा ठळक होईल अशी सोय असेल तर ती वापरावी. छापील आलेखात रॅमसारख्या मोजक्याच आकड्यांच्या अक्षावर प्रत्येक रेषा अक्षाच्या उंचीच्या एक-दोन टक्क्यांनी वर-खाली सरकवून काढावी. हे सरकवणे फक्त रेखाटनापुरते असावे. गाळणी लावताना मूळ आकडेच वापरावेत, नाहीतर ८ जीबीचा फोन ‘किमान ८’ या अटीत अडकतो.

पण झाकले जाण्यापेक्षा मोठे नुकसान वेगळ्याच ठिकाणी झाले आहे. कॅमेऱ्याच्या ५० वरून बाहेर पडणाऱ्या पाच रेषा किमतीच्या अक्षावर १०० पासून २६० पर्यंत पसरतात. वाचक म्हणतो, किमतीचा कशाशीच मेळ दिसत नाही. आता कॅमेऱ्याचा अक्ष उचलून डावीकडच्या टोकाला नेऊ, म्हणजे रॅम आणि किंमत शेजारी येतील. प्लॉटलीच्या `Parcoords` आलेखात अक्षाचे नाव धरून ओढले की हे होते.

चित्र एकदम शांत होते. रॅम आणि किंमत यांच्या मध्ये एकही छेद उरत नाही. ४ जीबीचा छ सर्वांत स्वस्त, त्यावर ६ जीबीचा ज, त्यावर ८ जीबीचे ग, ख, क, आणि सगळ्यात वर १२ जीबीचे घ, झ, च. या यादीत कमी रॅमचा कोणताही फोन जास्त रॅमच्या फोनपेक्षा महाग नाही. आठ फोनांतला सर्वांत घट्ट संबंध हा आहे आणि मूळ आलेखात तो पूर्ण अदृश्य होता, कारण मध्ये कॅमेऱ्याचा अक्ष उभा होता.

याचे कारण आलेखाच्या रचनेतच आहे. सात अक्षांच्या २१ जोड्या होतात आणि कोणत्याही एका क्रमात त्यातल्या सहाच शेजारी असतात. उरलेले १५ संबंध पाहायचे, तर प्रत्येक रेषेचा मधल्या अक्षांमधून माग काढावा लागतो आणि मधल्या अक्षावर रेषा एका बिंदूत मिळाल्या की तो माग तुटतो. अक्षांचा क्रम नीट निवडला, तर चार वेगवेगळ्या क्रमांत सगळ्या २१ जोड्या एकदा तरी शेजारी आणता येतात. रोजच्या कामात चारही क्रम काढण्याची गरज नसते. ज्या दोन गोष्टींची आपल्याला खरोखर फिकीर आहे, त्या शेजारी आणाव्यात. आपल्या घेणाऱ्याला वजन आणि बॅटरी यांचा मेळ हवा आहे, म्हणून स्क्रीन मधून काढून ते दोन अक्ष जोडले. लगेच दिसते की सर्वांत जड च फोनची रेषा वजनाच्या माथ्यावरून बॅटरीच्या साधारण निम्म्यावर उतरते आणि ज ची रेषा निम्म्याच्या थोडी वरून निघून थेट माथ्याला जाते. जास्त वजन म्हणजे मोठी बॅटरी हे गृहीतक इथे टिकत नाही.

रॅम-किमतीच्या संबंधातून कारण काढताना हात आखडता घ्यावा. रॅम जास्त आहे म्हणून फोन महाग आहे, असे हा आलेख सांगत नाही. महाग फोनांना वेगवान प्रोसेसर, जास्त साठवण आणि जास्त रॅम हे सगळे एकत्रच मिळते. आपल्या तक्त्यात प्रोसेसरचा रकानाच नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचे श्रेयही रॅमच्या अक्षावर दिसते. शिवाय फोन आठच आहेत. आणखी दोन फोन यादीत आले, तरी एखादा छेद सहज उमटू शकतो.

अक्ष उलटा केला की

बरेच आलेख ‘वर म्हणजे चांगले’ असा नियम पाळतात. मग वजन आणि किंमत हे अक्ष उलटे करावे लागतात, म्हणजे हलका आणि स्वस्त फोन माथ्यावर येतो. वरच्या कोडमध्ये आलेख काढणाऱ्या शेवटच्या ओळीच्या आधी दर अक्षाला एक ओळ पुरते, किमतीची अशी :

```python
n["price"] = 1 - n["price"]
```

हा नियम सोयीचा आहे, पण त्यामुळे छेदांचा अर्थ बदलतो. रॅम आणि किंमत यांच्या मध्ये आधी शून्य छेद होते. किमतीचा अक्ष उलटा केला की तिथे २२ छेद दिसू लागतात. २८ जोड्यांपैकी सहा जोड्यांची रॅम सारखी आहे (८ जीबीच्या तिघांतल्या तीन, १२ जीबीच्या तिघांतल्या तीन), त्या सोडून बाकी प्रत्येक जोडी छेदते. अक्ष उलटा केल्याचे ज्याच्या लक्षात आले नाही, त्याला वाटेल की या फोनांत जास्त रॅम स्वस्तात मिळत असावी किंवा सगळाच गोंधळ आहे. खरे तर संबंध तोच आहे आणि तितकाच घट्ट आहे. म्हणून छेद मोजण्याआधी अक्षाच्या तळाशी लहान आकडा आहे की मोठा, हे पाहावे.

उलट्या अक्षावर आणखी एक बारकावा वाचता येतो. दोन गुण एका सरळ, उतरत्या प्रमाणात बांधलेले असतील, तर सगळ्या रेषा दोन अक्षांच्या मध्ये एकाच बिंदूत छेदतात. इथे २२ छेद पसरलेले आहेत. म्हणजे क्रम पक्का असला तरी रॅमच्या प्रत्येक जीबीमागे किंमत ठरावीक रकमेने वाढते, असे नाही.

स्क्रीनच्या अक्षाला मात्र ‘चांगली’ दिशाच नसते. एका हाताने फोन वापरणाऱ्याला ६.१ इंच बरे, व्हिडिओ पाहणाऱ्याला ६.८. असा अक्ष आलेखाच्या कडेला ठेवावा आणि ‘कोणती रेषा एकूण वर आहे’ असे पाहताना त्याला धरू नये.

महाग फोनचे पैसे कशाचे

घ आणि च या दोनच रेषा ठळक ठेवून बाकीच्या फिकट केल्या, तर हा आलेख एक नेमका प्रश्न विचारायला भाग पाडतो. च चा किंमत निर्देशांक ३४०, घ चा २४०. शंभराचा फरक. च जास्त जड आहे. बॅटरी दोघांची सारखी. चार्जिंग घ चे १२० वॉटचे, च चे ४५. रॅम सारखी. स्क्रीन ०.१ इंचाने मोठी. वजन आणि किंमत सोडली, तर च ची रेषा घ च्या ठळकपणे वर जाते ती एकाच अक्षावर : कॅमेरा, ५० विरुद्ध २०० मेगापिक्सेल.

तो अक्ष जितका उंच दिसतो, तितका फरक फोटोत दिसत नाही. मोठ्या मेगापिक्सेलचे सेन्सर नेहमीच्या वापरात शेजारचे पिक्सेल एकत्र करतात. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर १६ पिक्सेलचा एक करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देऊ शकतो आणि ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार पिक्सेलचा एक करून तितकाच. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर नऊ पिक्सेल एकत्र करून १२ वर येतो. फोटोच्या दर्जाबद्दल काही सांगणारा अक्ष हवा असेल, तर सेन्सरचा आकार जास्त उपयोगी पडतो. तो माहितीपत्रकात १/१.३ इंच असा अपूर्णांकात दिलेला असतो, तो आधी दशांशात बदलून घ्यावा. मूळ स्वरूपात साधन त्याला शब्द समजते आणि फोन आकाराच्या क्रमाने लागत नाहीत.

तेव्हा च चे शंभर निर्देशांक कॅमेऱ्यावर खर्ची पडले, असे लगेच म्हणू नये. टेलिफोटो भिंग, पाण्यापासूनचे संरक्षण, धातूची चौकट, सॉफ्टवेअर अपडेटची वर्षे यांपैकी काहीही तक्त्यात नाही. सात अक्षांवर फरकाचे कारण सापडत नसेल, तर ते अक्षांच्या बाहेर आहे, आणि माहितीपत्रकात नेमके काय शोधायचे हे आता ठाऊक झाले आहे.

गाळणी लावून निवड

घेणाऱ्याच्या अटी आता आलेखावर लावू. अक्षावर ओढून एक पट्टा निवडला की त्या पट्ट्यातून जाणाऱ्याच रेषा ठळक राहतात. याला ब्रश म्हणतात. वजन २०० पर्यंत : क, ख, ग, छ हे चार उरतात. बॅटरी ४५०० पासून वर : क गळतो. चार्जिंग २५ पासून वर : छ गळतो. किंमत १६० पर्यंत : ख गळतो. एकटा ग उरतो.

इथे थांबणे ही या आलेखाच्या वापरातली सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे. ब्रशची कड कशी लागली, हे तपासलेच नाही. ख चा निर्देशांक १६५ आहे, मर्यादेपेक्षा पाचच जास्त. किमतीचा अक्ष १०० ते ३४० असा असल्याने हे अंतर अक्षाच्या उंचीच्या जेमतेम दोन टक्के भरते आणि हाताने ओढलेल्या पट्ट्यात तेवढी चूक सहज होते. दुसरीकडे ग चे वजन १९९ ग्रॅम आहे, मर्यादेच्या एक ग्रॅम आत. घेणाऱ्याने २०० हा आकडा गोल म्हणून सांगितला असेल आणि खरी इच्छा ‘१९५ च्या आत’ अशी असेल, तर ग जातो आणि एकही फोन उरत नाही.

म्हणून प्रत्येक पट्टा एकेक करून दोन्ही बाजूंना थोडा सरकवून पाहावा आणि कोणती रेषा लगेच आत किंवा बाहेर जाते, याची नोंद करावी. वजनाची मर्यादा १९५ आणि किंमत १७० केली, तर ख उरतो. वजन २०० आणि किंमत १७० केली, तर ख आणि ग दोघेही. चार्जिंगची अट १८ वर आणली, की छ परत येतो, तोही सर्वांत कमी किमतीत. बॅटरीचा पट्टा ४४०० किंवा ४५०० ठेवला तरी काही बदलत नाही, पण ४६०० केला की ख जातो. पट्टा थोडा हलवताच उत्तर बदलते, त्या अटीवर घेणाऱ्याशी पुन्हा बोलावे लागते. इथे ते बोलणे वजन आणि किंमत या दोन अटींवर होते, आणि त्याने किंमत १७० पर्यंत नेली तर चालेल असे ठरते.

आता ख आणि ग या दोघांसाठी आलेख बाजूला ठेवून तक्त्याकडे परत यावे. दोन फोनांसाठी आकडे थेट वाचणे जास्त अचूक असते. ग बारा ग्रॅमने जड, ०.३ इंचाने मोठा, त्याची बॅटरी ५०० एमएएचने जास्त, चार्जिंग ६७ वॉट विरुद्ध २५, आणि निर्देशांक १५ ने कमी. रॅम सारखी. कागदावर ग पुढे आहे.

त्यातला ६७ वॉट हा आकडा मात्र आणखी एकदा तपासायचा आहे. हा वेग कमाल असतो आणि बॅटरी भरत जाईल तसा तो खाली येतो. शिवाय अनेक फोनांत तो कंपनीच्या स्वतःच्या चार्जरवरच मिळतो, दुसरा चार्जर लावला की फोन बराच कमी वॉटवर चार्ज होतो. घेणाऱ्याकडे आधीच एक सर्वसाधारण यूएसबी-सी चार्जर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर ग त्या चार्जरवर किती वॉट घेतो हे माहितीपत्रकातून पाहून चार्जिंगच्या अक्षावर ६७ च्या जागी तो आकडा भरावा. तो २५ च्या खाली निघाला, तर ग चार्जिंगच्या अटीतच बसत नाही आणि १८७ ग्रॅमचा ख घ्यावा. २५ किंवा त्याहून जास्त निघाला, तर बारा ग्रॅम सोसून ग घ्यावा.